परक्या इनबॉक्सचा कारभार

‘घरबसल्या डेटा एंट्री करा, महिना 25,000 कमवा’ अशी चिठ्ठी विजेच्या खांबावर किंवा लोकलच्या डब्यात आपण सगळ्यांनीच वाचली आहे. यातल्या बऱ्याच धंद्यांची रीत ठरलेली असते. आधी नोंदणीचे पैसे भरायचे, मग धूसर स्कॅन केलेली शेकडो पानं टाइप करायची, आणि शेवटी ‘अचूकता कमी पडली’ असं सांगून मेहनताना नाकारला जातो. वर करारभंगाची भीती घालणारी वकिली नोटीसही येते. काम देणाराच काम करणाऱ्याकडे पैसे मागत असेल, तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

या कचऱ्याच्या पलीकडे एक खरा, रोजचा, फारसा झगमगाट नसलेला व्यवसाय आहे. त्याला व्हर्च्युअल असिस्टंटचं काम म्हणतात, बोलण्यात नुसतं व्हीए. एकट्याने व्यवसाय चालवणाऱ्या माणसाचा इनबॉक्स, त्याचं कॅलेंडर, त्याच्या याद्या दुसऱ्या गावातून किंवा दुसऱ्या देशातून सांभाळायच्या. ए. जे. जेकब्स या अमेरिकन लेखकाने 2005 मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात लिहिलं होतं, की आपली कामं त्याने बंगळूरच्या कंपन्यांतल्या माणसांवर सोपवून पाहिली, अगदी काळजी करण्याचं कामसुद्धा. 2007 मध्ये टिम फेरिस यांच्या ‘द फोर-अवर वर्कवीक’ने ही कल्पना जगभर नेली. तेव्हा मध्ये कंपनी असायची. आता सांगलीतली एखादी बाई मँचेस्टरच्या आहारतज्ज्ञाचं काम थेट घेऊ शकते.

हेच उदाहरण समोर ठेवू. समजा, मँचेस्टरमध्ये एक आहारतज्ज्ञ एकटीच प्रॅक्टिस चालवते. रोज साधारण 45 ईमेल येतात, आठवड्याला पंधरा-वीस अपॉइंटमेंट असतात, आणि कपाटात जुन्या रुग्णांचे 600 कागदी फॉर्म पडून आहेत. सांगलीच्या व्हीएने तिला लिहिलं, “मी ईमेल, कॅलेंडर, डेटा एंट्री करते, तासाला इतके पैसे घेते.” या वाक्यात चूक काही नाही, पण त्यावर कुणी हो म्हणणार नाही. कारण आहारतज्ज्ञाला तास नको आहेत. रुग्णाशी बोलत असताना फोनवर टिणटिण वाजणाऱ्या ईमेलचं कुणीतरी बघावं, एकाच वेळी दोघांना बोलावलं जाऊ नये, आणि संध्याकाळी मुलांसोबत जेवताना इनबॉक्स उघडायची वेळ येऊ नये, एवढंच तिला हवं आहे. केटरर ताटावर भाव सांगतो, आचारी किती तास चुलीपुढे उभा राहणार हे सांगत नाही. पॅकेजचंही तसंच आहे. तासांच्या दराला आणखी एक कीड असते. हात बसला, काम निम्म्या वेळात व्हायला लागलं, की कमाईही निम्मी होते.

पण ताटाचा भाव सांगायला ताटात काय येणार हे आधी कळावं लागतं, आणि नवखे व्हीए नेमके इथेच फसतात. समोरच्याचा इनबॉक्स न बघता पहिल्याच कॉलवर महिन्याचा आकडा सांगून मोकळे होतात. त्याऐवजी पहिला आठवडा चाचणीचा मागावा, पैसे घेऊन. फुकटच्या चाचणीत क्लायंट मनापासून प्रवेशच देत नाही, आणि आपणही मन लावून मोजत नाही. या आठवड्यात घड्याळ लावून प्रत्येक काम करायचं आणि लिहून ठेवायचं.

आता प्रवेशाचं. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नये, दिला तरी घेऊ नये. जीमेलमध्ये यासाठी सोय आहे. क्लायंटने सेटिंग्जमध्ये जाऊन ‘Grant access to your account’ या ठिकाणी आपला पत्ता टाकला, की आपण आपल्याच खात्यातून तिचा इनबॉक्स उघडू शकतो, वाचू शकतो, तिच्या नावे उत्तर पाठवू शकतो. पासवर्ड मात्र बदलू शकत नाही, आणि तिने ठरवलं तर एका क्लिकमध्ये आपला प्रवेश बंद होतो. कॅलेंडरही असंच शेअर करता येतं. तिथे नुसतं बघण्याची नव्हे तर नोंदी बदलण्याची मुभा मागून घ्यावी. ही पद्धत आपण होऊन सुचवणारी व्यक्ती अनोळखी क्लायंटला लगेच भरवशाची वाटते.

पहिल्या दिवशी इनबॉक्स उघडला की हात शिवशिवतात. वाटतं, सगळी जाहिरातपत्रं एका झटक्यात बाजूला करावीत. ज्या ईमेलमध्ये ‘unsubscribe’ हा शब्द आहे ती सगळी वेगळ्या लेबलखाली ढकलणारा फिल्टर लावा, ही युक्ती सर्रास सांगितली जाते. ती इथे घातक ठरते. अपॉइंटमेंट घेणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरची सूचनापत्रंही याच शब्दाने संपतात. फिल्टर लावला त्या क्षणापासून ‘रुग्णाने उद्याची वेळ रद्द केली’ ही पत्रंसुद्धा गुपचूप नजरेआड जातात, आणि आहारतज्ज्ञ रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहते. म्हणून फिल्टर एकेका प्रेषकाचा लावायचा. दोन-तीन दिवसांत जाहिरातींचे वीस-पंचवीस प्रेषक सापडतात, आणि इनबॉक्स जवळजवळ निम्मा होतो.

उरलेल्या पत्रांसाठी चार लेबलं पुरतात: `You`, `Waiting`, `Accounts`, `Reading`. पहिल्यात फक्त तिनेच निर्णय घ्यायची पत्रं जातात, आणि ती दिवसाला चार-पाचच्या वर गेली तर आपण काम नीट करत नाही असं समजावं. तिसरं आणि चौथं नावावरून कळतंच. खरी कमाई दुसऱ्या लेबलची आहे. आपण प्रश्न विचारला, समोरून उत्तर आलेलं नाही, अशी पत्रं त्यात राहतात. इनबॉक्समधून ती खाली सरकतात आणि सगळेच विसरतात. रोज सकाळी जीमेलच्या शोधचौकटीत एक ओळ टाकायची:

```
label:waiting older_than:3d
```

तीन दिवसांहून जुनी, अडकलेली सगळी पत्रं समोर येतात. विमा कंपनीने कागद पाठवले नाहीत, रुग्णाने फॉर्म भरला नाही, जिमने भाड्याचं बिल दिलं नाही. नम्रपणे आठवण करणारं दोन ओळींचं पत्र गेलं, की यातली निम्मी कामं हलतात. क्लायंटला आपली किंमत पटते ती बहुतेक वेळा इथे.

उत्तरं कुणी द्यायची हेही पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्यायचं, आणि तेही लेखी. वेळ बदलून हवी, पत्ता कुठे, फी किती, अशा पत्रांना व्हीए स्वतः उत्तर पाठवेल. पैसे परत मागणाऱ्या किंवा तक्रार करणाऱ्या पत्राचा ती नुसता मसुदा करून ठेवेल, पाठवेल आहारतज्ज्ञ. तिसऱ्या प्रकाराला तिने हातच लावायचा नाही. “कालपासून चक्कर येतेय, मधुमेहाची गोळी बंद करू का?” अशा पत्राला ‘आम्ही लवकरच कळवू’ असं गोड उत्तर देणंही धोक्याचं आहे, कारण रुग्ण त्या ‘लवकरच’वर विसंबून बसतो. असं पत्र दिसलं की थेट फोनवर निरोप द्यायचा, हे आधीच ठरलेलं हवं. याच रांगेत आणखी एक पत्र येतं: “आमचं बँक खातं बदललंय, पुढचं बिल नव्या खात्यावर भरा.” प्रेषकाचं नाव ओळखीचं असतं, भाषाही सभ्य असते. पण अशी पत्रं हा जगभर चालणारा फसवणुकीचा मोठा धंदा आहे. पत्रातला नंबर न वापरता जुन्या, माहीत असलेल्या नंबरावर फोन करून खात्री होईपर्यंत खातं बदलायचं नाही, ही अट पॅकेजमध्येच लिहून टाकावी.

कॅलेंडरच्या कामात सगळा घोळ घड्याळाचा. भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं. ब्रिटनमध्ये ते मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. हिवाळ्यात मँचेस्टरचे सकाळचे 9 म्हणजे सांगलीत दुपारचे 2:30, उन्हाळ्यात तेच दुपारचे 1:30. आता समजा फेब्रुवारीत व्हीएने दर सोमवारची बैठक आपल्या सोयीने भारतीय वेळेत 2:30 ला लावली. एप्रिल उजाडला, की भारतात ती 2:30 लाच राहते, पण आहारतज्ज्ञाच्या कॅलेंडरवर सकाळी 10 ला सरकते, आणि 10 वाजता तिचा रुग्ण आधीच बसलेला असतो. चूक फेब्रुवारीत झाली, दिसली एप्रिलमध्ये. उपाय सोपा आहे. गूगल कॅलेंडरमध्ये नोंद करताना तिथेच टाइम झोन निवडता येतो. जिच्या आयुष्यात ती वेळ घडणार आहे तिचा झोन, म्हणजे लंडनचा, निवडायचा. अमेरिकेतला माणूस बैठकीत असेल तर आणखी जपावं. तिथे घड्याळ मार्चच्या दुसऱ्याच रविवारी बदलतं, त्यामुळे दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यू यॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. हे आठवडे आधीच कॅलेंडरवर रंगवून ठेवले तर बरं.

बाकी नियम क्लायंटच्या तोंडून काढून घ्यावे लागतात, कारण ते तिने कधी लिहिलेलेच नसतात. दोन रुग्णांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी हवीत. बुधवारी सकाळी कुणी नको. नव्या रुग्णाला 60 मिनिटं, जुन्याला 30. विचारलं तर ती म्हणेल, “तसा काही नियम नाही.” मागच्या दोन महिन्यांचं कॅलेंडर चाळलं की सगळे नियम दिसतात. ते एका पानावर लिहून तिला दाखवावेत आणि तिच्याकडून होकार घ्यावा.

राहिले 600 कागदी फॉर्म. हे काम महिन्याच्या पॅकेजमध्ये मुळीच घालू नये, कारण ते एकदा होऊन संपणार आहे. त्याचा भाव काढायला 25 फॉर्म घड्याळ लावून भरून बघायचे. समजा एकाला सरासरी साडेतीन मिनिटं लागली, तर 600 फॉर्मचे 35 तास झाले. तपासणीचे 5 तास धरले तर 40.

टाइपिंगचा वेग इथे फारसा कामाला येत नाही. घोळ होतात ते शीटच्या अतिशहाणपणामुळे. ब्रिटनमधला मोबाइल नंबर शून्याने सुरू होतो आणि 11 आकडी असतो. शीटला तो साधा आकडा वाटतो आणि पुढचं शून्य ती गिळून टाकते. तारखेचंही तसंच. फॉर्मवर 03/04 म्हणजे 3 एप्रिल, पण शीटची सेटिंग अमेरिकन असेल तर ती तो 4 मार्च समजते. गंमत अशी, की 25/04 ला ती अडखळते, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणून घोळ अर्ध्याच तारखांत होतो आणि वरवर बघताना लक्षात येत नाही. काही तारखा रकान्यात उजवीकडे चिकटल्या आहेत आणि काही डावीकडे, असं दिसलं की समजावं, हेच झालंय. म्हणून पहिली नोंद करण्याआधी फोन नंबरचा रकाना ‘Plain text’ करायचा, शीटची सेटिंग ब्रिटनची ठेवायची आणि तारीख 2024-04-03 अशी, वर्ष आधी, लिहायची.

काम झाल्यावर शेजारच्या रिकाम्या रकान्यात दोन सूत्रं लावायची:

```
=LEN(C2)
=COUNTIF(D:D,D2)>1
```

पहिल्यात मोबाइल नंबरची लांबी 11 ऐवजी 10 आली, तर शून्य गेलं किंवा एखादा आकडा सुटला. दुसरं सूत्र तोच ईमेल पत्ता दोनदा आला असेल तर दाखवतं; पण तो लगेच पुसू नये, नवरा-बायको एकच पत्ता वापरतात. मग कुठलेही 60 फॉर्म उचलून मूळ कागदाशी ताडून बघायचे, शक्यतो दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी. त्या साठात किती चुका सापडल्या हे क्लायंटला आपण होऊन सांगावं. ‘शंभर टक्के अचूक’ असं वचन देणाऱ्यापेक्षा ‘साठ ताडून पाहिले, दोन चुका सापडल्या, म्हणून तो रकाना सगळाच पुन्हा तपासला’ असं सांगणाऱ्यावर माणसं जास्त विश्वास टाकतात. शिवाय ही रुग्णांची माहिती आहे. तिच्या प्रती आपल्या लॅपटॉपवर उतरवायच्या नाहीत, क्लायंटच्याच ड्राइव्हवर काम करायचं.

आता पाटी-पेन्सिल. चाचणीच्या आठवड्यात इनबॉक्सला सुरुवातीला रोज सव्वा तास लागत होता, फिल्टर आणि लेबलं लागल्यावर 40 मिनिटं. कॅलेंडरला 20. दिवसाचा एक तास, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे 22 तास. दर शुक्रवारी एक अहवाल, त्याचे मिळून 2 तास. अचानक उपटणाऱ्या कामांसाठी 4 तास धरले की 28 होतात.

तासाचा दर बाजारात शोधत बसण्यापेक्षा स्वतःच्या घरखर्चातून काढावा. समजा सांगलीच्या व्हीएला महिन्याला 40,000 हातात हवेत. इंटरनेट, इन्व्हर्टर, लॅपटॉपची झीज, हिशेबनीस यांचे 5,000. महिन्यात ती दीडशे तास बसेल, पण त्यातले साधारण शंभरच विकले जातात. बाकीचे क्लायंट शोधण्यात, बिलं करण्यात, शिकण्यात जातात. हे न धरणं ही फार महाग पडणारी चूक आहे. 45,000 भागिले 100, म्हणजे तासाला 450. त्या हिशेबाने 28 तासांचे 12,600. पैसे येतानाचं शुल्क धरून 13,500 सांगावेत. फॉर्मचं काम 40 तासांचं, म्हणजे 18,000, म्हणजेच फॉर्ममागे 30. हा हिशेब मात्र स्वतःपुरता ठेवायचा. क्लायंटला सांगायचा तो फक्त महिन्याचा आकडा, तोही पाउंडात, आणि त्या आकड्यात काय काय येतं ते.

ते असं लिहिता येईल: ‘सोमवार ते शुक्रवार, दिवसातून दोनदा, तुमच्या घड्याळाने सकाळी 9 ला आणि दुपारी 2 ला इनबॉक्स बघितला जाईल. रोज 50 पर्यंत ईमेल. महिन्याला 80 पर्यंत अपॉइंटमेंटच्या नोंदी आणि बदल. दिवसअखेर `You` लेबलमध्ये फक्त तुमच्या निर्णयाची पत्रं उरतील. शुक्रवारी एक पानी अहवाल. फोन घेणं, सोशल मीडिया, डिझाइन यात नाही. पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला आगाऊ. थांबायचं असेल तर दोन्ही बाजूंनी 30 दिवस आधी कळवायचं. दिवाळीचे दिवस सुट्टी, तारखा महिनाभर आधी कळवल्या जातील.’

नवीन व्हीए इथे लगेच सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे तीन थर रचतात. माझ्या मते पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. एक महिन्याचं पॅकेज आणि एक एकदाच करायचं काम, एवढं नीट मांडलं की पुरे. त्यापेक्षा 50 आणि 80 हे आकडे महत्त्वाचे. तिसऱ्या महिन्यात ‘एवढं जरा बघशील का’ म्हणत वृत्तपत्रिका, मग इन्स्टाग्राम, मग मुलाच्या वाढदिवसाचं बुकिंग येतंच. कुणी मुद्दाम पिळत नसतं, समोरची व्यक्ती थकलेली असते आणि आपण विश्वासाच्या झालेलो असतो. अशा वेळी नाराज होण्याऐवजी लिहावं, “नक्की करेन. हे आपल्या ठरलेल्या कामात येत नाही. वेगळे इतके पैसे होतील, किंवा या महिन्यात अमुक काम बाजूला ठेवून करते. कसं करू?” लेखी सीमा आधीच असेल तर हे वाक्य लिहिताना बोटं अडखळत नाहीत.

परदेशातून पैसे घेताना बँक किंवा पेमेंट सेवा ते कशाबद्दल आहेत हे सांगणारा पर्पज कोड विचारते. तो बरोबर भरावा आणि परदेशातून रक्कम आल्याचा दाखला प्रत्येक वेळी जपून ठेवावा. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण प्राप्तिकर आहेच. ज्या कामाच्या वेबसाइटवरून क्लायंट मिळतो ती आपला वाटा कापते. फायव्हर 20 टक्के घेतं. तो वाटा दरात आधीच धरावा.

आणि काम सुटतं त्या दिवसाचीही तयारी पॅकेजमध्येच असते. नियमांचं पान, ठरलेली उत्तरं, फिल्टरची यादी, `Waiting` मधल्या पत्रांची स्थिती एका फाइलमध्ये क्लायंटच्या ड्राइव्हवर ठेवायची. जीमेल आणि कॅलेंडरमधून आपला प्रवेश काढून टाकायची तिला आठवण करायची, आणि काढल्याचं उत्तर ईमेलवर मागून घ्यायचं. पुढे तिच्या खात्यात काही गडबड झाली, तर त्या तारखेनंतर आपण तिथे नव्हतो हे दाखवायला तेवढा एक कागद लागतो.